नदीची भूक मेली तेव्हा

माझ्या नणंदेला सगळं गाव ‘पाणीबाई’ म्हणतं. मी मात्र जुन्या वळणाने वन्सं म्हणते. त्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहेत. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. जेवायला बसल्या की आधी भांड्यातलं पाणी उजेडाला धरतात, मग हुंगतात आणि मगच पितात. आमचे हे चिडवायचे, “ताई, घरचंच पाणी आहे. तुझ्याच ऑफिसातून आलंय.” त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, “म्हणूनच बघते.”

कुणालाही काहीही समजावून सांगायचं तर त्या स्वयंपाकघरात येतात. मला नदीही तिथेच कळली. एकदा खरकटी भांडी घासत असताना मी म्हटलं होतं, “वरच्या शहराचा अख्खा मैला नदीत येतो आणि आपण खाली तेच पाणी पितो. मला तर विचार केला की घास उतरत नाही.”

“मैला येतो, पण पोचत नाही,” त्या म्हणाल्या. “मधे खाल्ला जातो.”

“कोण खातं?”

“जीवाणू. पाण्यात असतातच, दगडांवर तर नुसते थर असतात. मैला आला की त्यांची पंगत बसते. पण खायचं तर श्वास लागतो, म्हणून ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. त्यामुळे नाल्याच्या खाली नदी आधी गुदमरते, काळी पडते, वास मारते. मग पुढे खडकाळ टप्पा लागतो. तिथे पाणी आपटतं, फेसाळतं, हवा आत घेतं. दिवसा शेवाळंही प्राणवायू सोडतं. तोवर खाणं संपत आलेलं असतं. जीवाणूंना खाणारे त्यांच्याहून मोठे जीव येतात, त्यांना खाणारे किडे, किड्यांवर मासे. आपल्या पंपापाशी येईतो नदीने बरंचसं निस्तरलेलं असतं. उरलेलं आम्ही निस्तरतो.”

“आणि जास्त वाढलं तर?”

“मग अजीर्ण होतं,” त्या म्हणाल्या. “नदीलाही पोट आहे, आणि त्याला माप आहे.”

तेव्हापासून पुलावरून जाताना मी नाक दाबायची सोडली. काळं पाणी दिसलं की वाटायचं, चालू आहे हिचं जेवण.

त्या वर्षी पावसाळा संपला आणि नदी नितळ दिसू लागली. पुलावरून तळाचे दगड दिसायचे. लोक थांबून बघायचे, फोटो काढायचे. प्रयोगशाळेतले आकडेही सुधारले. नदीचं पाणी बाटलीत भरून पाच दिवस अंधारात ठेवतात, आणि आतल्या जीवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजतात. घाण जास्त तर खाणं जास्त. तो आकडा निम्म्यावर आला, मग त्याहूनही खाली. पाण्यात प्राणवायू भरपूर. वन्संनी स्वतःच साहेबांना सांगितलं की पाऊस चांगला झाला, खडकाळ टप्पा जोरात काम करतोय. साहेब म्हणजे पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता. त्यांनी भर बैठकीत वन्संचं कौतुक केलं. घरी आमचे हे म्हणाले, “ताई, तुझी नदी शहाणी झाली की.” वन्सं हसल्या. त्या दिवशी पाणी न हुंगता प्यायल्या. मला ते आठवतंय, कारण तसं पुन्हा कधी झालं नाही.

त्याच सुमारास माझी लेक बाळाला घेऊन राहायला आली होती. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला पावडरचं दूध. दिवसभर माझ्या गॅसवर पाण्याचं पातेलं उकळत असायचं.

एका सकाळी वन्संचा मदतनीस आजारी पडला. त्या मला म्हणाल्या, “येतेस का? बाटल्या धरायला कुणीतरी हवं. तेवढीच हवा खाशील.” ऑफिसची जीप होती. खडकाळ टप्प्यापाशी उतरलो. मी आयुष्यात तिथे धड उभी राहिलेली नाही. दगड असे बुळबुळीत की लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा साडीसकट बसले होते, आणि ती गोष्ट आमच्या घरात अजून चवीने सांगितली जाते. या वेळी मी पदर खोचला, चपला काढल्या आणि पाण्यात शिरले. थेट मधल्या खडकापर्यंत गेले.

“वन्सं, बघा,” मी म्हटलं. “एकदाही घसरले नाही. आता ती साडीची गोष्ट बंद करा.”

त्या काठावर बाटलीला चिठ्ठी लावत होत्या. त्यांनी मान वर केली. “काय म्हणालीस?”

“घसरले नाही म्हटलं.”

त्यांनी बाटली खाली ठेवली. चपलांसकट पाण्यात आल्या. वाकून एका दगडावर तळवा फिरवला, मग नखाने खरवडलं. तो दगड उलटा करून पाहिला, दुसरा उलटा केला, तिसरा केला. खाली एरवी वळवळणारे किडे असतात, मला माहीत होतं, मी त्यांना पाहून किंचाळलेली आहे. आता ओली वाळू होती आणि दुसरं काही नव्हतं. दगड स्वच्छ होता, घासणीने घासून ठेवलेल्या पातेल्यासारखा.

“बगळे कुठायत?” त्या म्हणाल्या.

मी इकडेतिकडे पाहिलं. एकही नव्हता. इतका वेळ माझ्या लक्षात आलं नव्हतं की पाण्याच्या आवाजाशिवाय तिथे कसलाच आवाज नाही.

“पाय बाहेर काढ,” त्या म्हणाल्या. “जीपमधल्या पाण्याने धू. चांगले धू.”

“काय झालं?”

“दगडांवरचा बुळबुळीत थर म्हणजेच नदीचं पोट. तेच नाही.”

परतताना बाटल्या त्यांनी स्वतःच्याच मांडीवर घेतल्या. मी माझ्या पावलांकडे बघत बसले. काही दिसत नव्हतं, काही झोंबत नव्हतं. तेच जास्त वाईट वाटत होतं.

प्रयोगशाळेत त्यांनी थेंबभर पाणी काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी त्या मला हौसेने दाखवायच्या: भोवऱ्यासारखे फिरणारे, चपलेच्या तळव्यासारखे पोहणारे, देठावर घंटा लावल्यासारखे डुलणारे जीव. या वेळी बराच वेळ त्या डोळा लावून बसल्या. मग बाजूला झाल्या. मी पाहिलं. गाळाचे कण होते. हलत काहीच नव्हतं.

“पण पाणी तर स्वच्छ आहे,” मी म्हटलं. “आकडे चांगले होते ना?”

“आकडा काय सांगत होता? बाटलीत कुणी फारसं खाल्लं नाही, एवढंच. मी समजले, खायला उरलं नाही.” त्या उठून कपाटातून आम्लाची बाटली काढत होत्या. “जेवणारेच मेले असतील, तरी आकडा तोच येणार.”

मग त्यांनी दुसरी तपासणी लावली. तिला जीवाणू लागत नाहीत. पाण्यातली घाण तीव्र आम्लात रसायनाने दोन तास उकळून जाळतात आणि त्यात किती रसायन खर्ची पडलं ते मोजतात. ही तपासणी महिन्यातून एकदाच व्हायची, आणि गेल्या महिन्यात रसायन आलं नाही म्हणून राहिली होती. ती उकळत असताना त्यांनी नदीचं पाणी एका नळीत घेतलं, आम्ल घातलं, वरून कसलेसे थेंब सोडले. नितळ पाणी माझ्यादेखत गुलाबी झालं, मग जांभळं.

“क्रोमियम,” त्या म्हणाल्या. “धातूला चकाकी देतात ना, त्या कारखान्यांचं. विषारी जातीचं आहे. सोबत आणखी काय असेल देव जाणे.”

दोन तासांनी दुसरा आकडा आला. घाण होती तेवढीच होती. वरच्या शहराचा मैला पाण्यात विरघळून जसाच्या तसा आमच्यापर्यंत येत होता, नितळ पाण्यातून; नदी काळी पडते ती जीवाणू खाताना, आणि खाणारंच कुणी नव्हतं. ताट वाढलेलं तसंच पडलेलं, आणि पंगतीत एक माणूस जिवंत नाही.

मला एकदम पातेलं आठवलं. मी लेकीला फोन लावला. “बाळाला दूध दिलंस?”

“आत्ताच संपवलं. झोपलंय. का गं?”

“पाणी उकळलं होतंस?”

“चांगलं खळखळून. तूच सांगतेस ना.”

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. उकळून जंतू मरतात, क्रोमियम जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रातली तुरटी त्याला खाली बसवत नाही, क्लोरीन त्याला काही करत नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं की नळाचं पाणी वापरू नकोस, बाजारातून बाटल्या आण, मी येते. ती म्हणाली, “आई, तुझा आवाज असा का येतोय?”

वन्संनी साहेबांना बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून बसले. “बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकडे चांगले आलेत आणि तुम्ही म्हणता पंप बंद करा? लोकांना काय सांगू, पाणी फार चांगलं झालंय म्हणून देत नाही?”

“हो,” वन्सं म्हणाल्या. “तेच सांगा. मीच चुकीचं सांगितलं होतं, तेही सांगा.”

साहेब हसायला गेले आणि थांबले. वन्संनी त्यांच्यापुढे प्रयोगशाळेच्या नळाखाली एक नळी भरली, आम्ल घातलं, थेंब सोडले. तिघंही बघत राहिलो. पाणी तसंच होतं. माझा श्वास सुटतोय तोच तळाशी रंग चढायला लागला. फिका, पण गुलाबी.

साहेबांनी ती नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेली. तिथे ती उजेडाला धरली. मग खिशातून फोन काढला आणि पंपघराला म्हणाले, “बंद करा. हो, सगळे. कारण नंतर सांगतो.” फोन ठेवल्यावर आमच्याकडे न बघता म्हणाले, “सकाळी दोन ग्लास पिऊन निघालोय.”

गावाला विहिरींवरून टँकर सुरू झाले. लोकांनी वन्संना काय काय ऐकवलं. नदी एवढी छान झाली आणि पाणीबाईचं डोकं फिरलं, असं पुलावर उभं राहून बोलायचे. वरच्या शहरात एका पावसाळी गटारातून रसायन सोडलं जात होतं, ते सापडलं, तोंड बुजवलं गेलं. बाळाच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, अधूनमधून बघत राहू. ‘आत्ता’ हा शब्द माझ्या लेकीने घट्ट धरला आणि मीही. बाळ रडलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो, आणि हसलं तरी बघतो.

वन्संनी साडीच्या गोष्टीवरून मला चिडवणं सोडलं. रात्री जेवताना भांडं उजेडाला धरतात, खाली ठेवतात. एकदा मी म्हटलं, “अहो, तुम्हीच तर पकडलंत.”

“मी नाही,” त्या म्हणाल्या. “तू घसरली नाहीस म्हणून.”

परवा पुन्हा खडकाळ टप्प्यापाशी गेलो. नदी परत थोडी गढुळली आहे, आणि पुलाखाली वास येऊ लागलाय. लोक नाक दाबून जातात. वन्सं तो वास डोळे मिटून घेतात. वरून, जिथे विष पोचलं नव्हतं तिथून, जीवाणू वाहत येतात, दगड धरतात, थर जमतो. त्याला वेळ लागतो, आणि तळाच्या गाळात क्रोमियम मुरलेलं आहेच, ते किती दिवस झिरपेल कुणास ठाऊक. काठावरच्या दगडाशी त्या बसल्या आणि माझा हात ओढून पाण्यात धरला.

“बघ, लागतोय का हाताला?”

मी बोटं फिरवली. थंडगार दगड. एका कडेला काहीतरी मऊसर लागल्यासारखं वाटलं. पुन्हा फिरवली तर वाटेना.

“लागतोय?” त्यांनी परत विचारलं.

मी हात तसाच पाण्यात ठेवला आणि त्याच कडेवरून पुन्हा एकदा, हळूच, बोट फिरवून पाहिलं.