क्लास की परीक्षा

बीएस्सी होऊन दोन वर्षं घरात बसलेल्या पोरीला काय काय ऐकावं लागतं ते मला विचारा. ठाण्यातल्या कोडिंगच्या क्लासवाल्या बाईंनी तर माझ्यावर दयाच दाखवली. म्हणाल्या, फी हप्त्यांनी भर, सर्टिफिकेट देऊ, नोकरीला 'मदत' करू. हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज, वडिलांच्या नावावर. नोकरी लागो न लागो, हप्ता चालूच.

कशेळीच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळणारा आतेभाऊ भडकला. "तो क्लासच शिकवणार, तोच पास करणार, तोच कागद देणार! कोण विचारतं? हां, रोज बसवून कोड लिहून घेतात, चुका दाखवतात, ते खरं. पण तेवढे पैसे तुझ्याकडे आहेत का? त्यापेक्षा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीची स्वतःची परीक्षा दे. अभ्यासाचं बरंचसं नेटवर फुकट आहे, पैसे फक्त परीक्षेचे. सर्टिफिकेटचा नंबर टाकला की कुणालाही तपासता येतं. तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं, आणि नुसत्या त्याने नोकरी लागत नाही. पण आमच्या गोदामात कॉम्प्युटर सपोर्टची जागा आहे, ते असलं तर मुलाखतीला बोलावतील."

शिकवण्या घेऊन साठवलेले सगळे पैसे मी परीक्षेला भरले. केंद्रावर महिन्याभराने जागा होती. तोवर गोदामातली जागा भरली असती, म्हणून घरूनच द्यायची ठरवली. टेमघरला आमच्या भिंतीला लागून कापड विणायचे लूम आहेत, दिवसभर खडखडाट. म्हणून शुक्रवार निवडला. त्या दिवशी लूम बंद. काय हुशारी माझी!

खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवले, माझा फोन लांब ठेवला. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याने आधीच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर परीक्षा रद्द. आई-पप्पा बाहेर ओट्यावर बसले. पप्पांचा सगळा जन्म लूमवर गेला, कानाने कमीच ऐकू येतं.

निम्मी परीक्षा झाली होती, चांगली चालली होती. तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. क्लासवाल्या बाई. चौकशीच्या वेळी मीच त्यांना पप्पांचा नंबर दिला होता.

"न्हाय मॅडम! क्लास नको! पोरगी खरी परीक्षा देते हाय!"

दारातून शब्द न् शब्द आत आला. स्क्रीनवर इशारा आला. मी कॅमेऱ्यापुढे हात जोडले, पप्पांना हाक मारून थांबवताही येईना. पप्पा अजून माझं कौतुक सांगतच होते. स्क्रीन बंद झाली. परीक्षा रद्द, फी परत नाही.

मी बाहेर येऊन रडतच सांगितलं. पप्पा आईकडे बघत राहिले. "मी तर हळू बोललो ना गं?"



मग पप्पांनी फोन हातात घेतला. "त्या मॅडमना हो म्हणू का? कर्जाच्या कागदावर मी सही करतो."

क्लासच्या त्या सर्टिफिकेटची किंमत मला चांगली ठाऊक होती. तरी नको असं माझ्या तोंडून निघालं नाही.