नऊ महिने, रांगत नाही

शिशुगृहात तिला सगळे महिनेबाई म्हणत. खरं तर ती सिस्टर होती, तब्बल सव्वीस वर्षांची जुनी. पण कुणी टाकलेलं, हरवलेलं बाळ दारात आलं की डॉक्टरांच्या आधी तिला हाक जाई. ती बाळाला सतरंजीवर बसवून पाही, पालथं घालून पाही, समोर खुळखुळा धरी आणि पाच मिनिटांत सांगून मोकळी होई: "सात महिने." की फॉर्मवर सात पडले. डॉक्टर सही करत आणि त्या आकड्यावरून मागे मोजून बाळाची जन्मतारीख ठरे. महिनेबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

त्या मंगळवारी अकरा वाजता ऑफिसात बालकल्याण समितीची बैठक होती. लांब टेबलाच्या एका टोकाला निवृत्त न्यायाधीश असलेल्या अध्यक्षबाई, शेजारी डॉक्टर आणि शिशुगृहाचे अधीक्षक. समोर खुर्चीच्या अगदी कडेवर एक बाई बसली होती. बांधकामावर विटा वाहणारी, आजारातून उठलेली, गळ्याची हाडं वर आलेली. मांडीवर तिने रिकामी पिशवी घट्ट धरली होती. महिनेबाई रजिस्टर घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या.

प्रश्न एकच होता. सात आठवड्यांपूर्वी बसस्टँडच्या बाकावर सापडलेली मुलगी, जिला सगळे गप्पू म्हणत, ती या बाईची का? विटावाली म्हणत होती, मी तापाने दवाखान्यात पडले, पोर शेजारणीकडे ठेवली, ती शेजारीण खोली सोडून पळाली. कागद नाही, फोटो चार महिन्यांच्या पोरीचा एकच, आणि त्या वयाची सगळीच बाळं सारखी दिसतात. दावा पटण्यासारखा वाटला तरच समिती रक्ताची तपासणी सांगणार होती. नाहीतर गप्पूची फाइल आजच पुढे जायची. दत्तक घ्यायला एक जोडपं तयार बसलं होतं.

"तुमची मुलगी किती महिन्यांची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आता सोळा पूर्ण झाले, मॅडम."

अध्यक्षबाईंनी कागद उलटला. "इथं आल्या दिवशीची नोंद आहे, नऊ महिने. म्हणजे आज फार तर अकरा. पाच महिन्यांचा फरक पडतो, बाई."

"तिला मला नुसतं बघू तर द्या!"

"तसं नाही करता येत. कुणीही येऊन बाळ बघून म्हणेल माझं आहे." अध्यक्षबाईंचा आवाज कठोर नव्हता, पण पेन उघडलेलं होतं.

महिनेबाईंना मनातून वाटलं, बिचारी. दुसऱ्याच्या पोरीत आपली पोर शोधतेय. असं त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं.

"सोळा महिन्यांची असती तर चालली असती हो," अधीक्षक म्हणाले. "आमची तर साधी रांगतही नाही."

विटावालीने झटकन मान वर केली. "रांगत नाही? अहो, माझी रांगलीच नाही कधी! बसल्या बसल्या सरकते. एक पाय मुडपून, दुसऱ्याने जमीन ओढत. सगळ्या खोलीभर फिरते तशी. मी पण तशीच सरकायचे म्हणे. माझी आई सांगायची, दीड वर्ष उलटलं तरी ही कार्टी उठेना."

महिनेबाई भिंतीपासून सरळ झाल्या.

गप्पू तशीच सरकायची. पहिले दहा-बारा दिवस ती घाबरून पाळण्यात नुसती बसून राही. मग एका सकाळी डावा पाय मुडपून फरशीवर सुरू झाली. आया हसून म्हणाल्या होत्या, "लादी पुसायला माणूस मिळालं!" बाईही हसल्या होत्या. पण फॉर्मवर 'रांगते का?' असा एकच रकाना होता आणि त्यात त्यांच्या हातचं 'नाही' आधीच पडलं होतं. ते 'नाही' धरूनच त्यांनी नऊ ठरवले होते. पोर त्या दिवशी भुकेली, भेदरलेली आणि मुकी होती, हे त्यांनी जमेस धरलंच नाही. पुढे ती पाळण्याचा कठडा धरून कडेकडेने पावलं टाकू लागली, बोट करून दिवा दाखवू लागली, दाखवून झाल्यावर बाई बघतात की नाही हे वळून पाहू लागली. तरी बाईंनी आकडा हलवला नाही. आपला आकडा कशाला हलेल?

अध्यक्षबाईंचं पेन कागदावर टेकलं.

बोलावं तर डॉक्टरांची सही खोटी पडते. सव्वीस वर्षांचं नाव आयांच्या देखत मातीत जातं. गप्प बसावं तर कुणालाच कधी कळणार नाही. खुर्चीच्या कडेवरच्या त्या बाईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं.

"मॅडम, थांबा," महिनेबाई म्हणाल्या. आवाज इतका चिरका निघाला की त्यांनाच लाज वाटली. "नऊ मी लिहिले. चुकीचे लिहिले."

डॉक्टर वळले. "सिस्टर?"

"पोर सरकते, डॉक्टर. या म्हणतात तश्शी, डावा पाय मुडपून. फॉर्मवर ते कुठेच नाही, मग यांना कुणी सांगितलं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझीही आहे," ते सावकाश म्हणाले. "मी डोळे झाकून सही केली. मॅडम, आधाराशिवाय बसणं कुणाचं चौथ्या महिन्यात होतं, कुणाचं नवव्या. स्वतंत्र चालणं आठव्यापासून अठराव्यापर्यंत कधीही, आणि सगळी ठणठणीत बाळं. शंभरातली चार-पाच रांगतच नाहीत. बसून सरकणारी तर आणखी उशिरा चालतात, आणि बऱ्याचदा ते घराण्यातच असतं."

"पण शब्द?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "फाइलीत लिहिलंय, एकही शब्द बोलत नाही."

"पहिला शब्द कुणी दहाव्या महिन्यात काढतं, कुणी पंधराव्यानंतरही. आणि परक्या जागी आलेलं पोर बोलत असलेलंही थांबतं."

"मग ही सोळाची असू शकते?"

"असू शकते. अकराचीही असू शकते. नुसत्या बघण्याने याहून जास्त सांगता येत नाही. सांगू नयेच."

अध्यक्षबाईंनी पेन महिनेबाईंपुढे सरकवलं. बाईंनी हातातलं रजिस्टर उघडून नवावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि लिहिलं: 'अंदाजे दहा ते अठरा.' तपासणीचा आदेश निघाला.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. गप्पू तिचीच होती. विटावाली आत आली तेव्हा गप्पूने बराच वेळ नुसतं बघितलं, मग डावा पाय मुडपला आणि फरशी ओढत निघाली. आई खाली बसून ओक्साबोक्शी रडली. आयाही रडल्या. निघताना तिने महिनेबाईंचे हात धरले, म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे मिळाली." बाईंना त्या हातांकडे बघवेना.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर महिनेबाईंनी कपाट उघडून जुनी रजिस्टरं खाली काढली. चार वर्षांपूर्वी एक बाई फाटकाशी आली होती. डोक्याला रुमाल, पायात दोन जातीच्या चपला. सव्वा वर्षाची पोर हरवली म्हणत होती, कुणी आणून सोडली का विचारत होती. महिनेबाईंनी तिला आतही घेतलं नव्हतं. "त्या वयाचं आमच्याकडे कुणी नाही," उंबऱ्यातूनच सांगितलं होतं. ती मान हलवून निघून गेली होती.

बाईंनी त्या वर्षीचं रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत तो महिना काढला. एकच मुलगी होती. पुढे लाल शाईत दत्तक गेल्याची तारीख, आणि मागे त्यांच्याच ठळक अक्षरात: नऊ महिने. रांगत नाही.