शिडीवरचे आण्णा

संयोगिता इंगवले लग्नाआधीपासून शाहूपुरीतल्या एका दैनिकात चित्रं काढत होती. बातमी काय आहे ते ऐकायचं, शाईची बाटली उघडायची आणि पान लागायच्या आत चित्र टेबलावर ठेवायचं, एवढंच तिला येत होतं आणि एवढंच तिला आवडत होतं. रस्ते खचले की तिनं खड्ड्यात वल्हं मारणारा रिक्षावाला काढावा आणि सकाळी चहाच्या टपरीवर लोकांनी तो एकमेकांना दाखवावा. बक्षीस-बिक्षीस कधी मिळालं नाही, पण चित्राखालच्या कोपऱ्यात तिची बारीक सही असायची आणि ती सही लोक शोधायचे.

मग वृत्तसंपादक म्हणून विश्वजित आला. माणूस वाईट नव्हता, वाईट असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "ताई, तुमचा हात झकासच हाय. पण एका चित्राला दुपार जाती. ह्यात दोन मिनिटांत होतंय बघा." आणि त्यानं तिच्या संगणकावर एक एआयची खिडकी उघडून दिली. त्या दिवसापासून संयोगिता चित्र काढेनाशी झाली. ती चित्र सांगू लागली. त्या सांगण्याला ऑफिसात प्रॉम्प्ट म्हणत, आणि चित्राखाली सहीच्या जागी 'एआय निर्मित' अशी मुंगीएवढी अक्षरं येऊ लागली.

राग आलाच तिला. पण घरी बसून करायचं काय? म्हणून तिनं ते कामही मन लावून शिकून घेतलं. यंत्राला कल्पना सांगून चालत नाही, डोळ्याला दिसेल तेच सांगावं लागतं. महागाई असं नुसतं लिहिलं की ते लाल बाण काढतं, नाण्यांच्या चळती काढतं, तीच ती चित्रं, जगातल्या कुठल्याही पेपरात खपतील अशी. अक्षरं नकोत म्हणून बजावलं तर नेमकी कसलीतरी वेडीवाकडी अक्षरं घालून ठेवतं, त्यापेक्षा मागची भिंत कोरी आहे असं सांगितलेलं बरं. रंग मोजके सांगायचे, कारण आपल्या कागदावर सगळे रंग मळकेच उतरतात. मथळ्यासाठी वरचा एक कोपरा मोकळा मागून घ्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम विश्वजितचा होता. तो म्हणायचा, "एका चित्रात एकच गोष्ट, ताई. बघणारा मोटारसायकलवर असतोय, सिग्नलला."

त्या आठवड्यात दूध महागलं. म्हशीच्या दुधाचा भाव पुन्हा वर गेला आणि पहिल्या पानावर चित्र हवं होतं. संयोगिताला कल्पना लगेच सुचली, तशा तिला त्या सुचायच्याच. म्हैस बांबूसारख्या लांबच लांब पायांवर उभी आहे, दोन मजले उंच. दूध काढणारा शिडीच्या टोकावर चढून धार काढतोय. खाली एक बाई रिकामा पेला धरून मान वर करून बघतेय. बास. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसालाही कळावं, असं चित्र.

खरं तर तिच्या पहिल्या मजकुरात आणखी एक गोष्ट होती. म्हशीच्या पायांखाली पेंडीच्या पोत्यांची थप्पी होती. म्हशीला उंच केलंय ते त्या थप्पीनं, असं तिला म्हणायचं होतं, कारण म्हशीला घालायच्या पेंडीचा आणि सरकीचा भाव कुठल्या कुठं गेलाय हे तिला माहीत होतं. पण यंत्रानं त्या पोत्यांचं पार दुकान करून टाकलं. बघणाऱ्याला वाटावं, म्हैस गोदामावर का चढलीय? विश्वजितनं मान हलवली. "पोती काढा. एकच गोष्ट." नियम बरोबरच होता. चित्राच्या हिशेबानं आजही कुणी तो चुकीचा म्हणणार नाही. संयोगितानं पोती काढली.

मग म्हैस. पहिल्यांदा अमेरिकेतला पाठीला वशिंड असलेला गवा आला. अख्खं ऑफिस हसलं. मग तिनं जात सांगितली, काळी कातडी सांगितली, खांद्याच्या मागं गेलेली तलवारीसारखी लांब शिंगं सांगितली, तेव्हा कुठं पंढरपुरी म्हैस आली. मग माणूस. तो राजस्थानातला आला, मग सिनेमातला आला, मग दाढीवाला साधू आला. दुपार तशीच चालली होती. वैतागून संयोगितानं डोळे मिटले आणि दूध काढणारा माणूस म्हटल्यावर जो समोर उभा राहिला, त्याचं एकेक वर्णन लिहीत गेली. आखूड धोतर. फिकट गुलाबी फेटा, उजव्या कानावर जरा कललेला. गालापर्यंत गेलेल्या पांढऱ्या झुबकेदार मिशा. कानात सोन्याची बाळी. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खाली बघताना ओठ दाबून धरायची सवय.

या वेळी चित्र फक्कड आलं.

तिनं ते बारकाईनं तपासलं. यंत्र बोटांत चुकतं, म्हणून बोटं मोजली. सड सहा आले होते, ते चार करून घेतले. शिडीच्या पायऱ्या सरळ आहेत का ते पाहिलं. चेहऱ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण तो ओळखीचा वाटला आणि ओळखीचा वाटला म्हणूनच तिला बरं वाटलं. ऑफिसात बाकी कुणी गंगावेशीत दूध प्यायला जाणारं नव्हतं. चित्र छापून गेलं.

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी बांधतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. तिथले आण्णा म्हणजे आण्णा साळोखे. संयोगिता परकरात होती तेव्हापासून वडील तिला त्यांच्याकडे घेऊन जायचे, आणि वडील गेल्यावरही ती जात राहिली. आण्णांची म्हैस मोना, हे नाव त्यांच्या नातीनं ठेवलेलं. सकाळी पेपर उघडल्यावर अख्ख्या पेठेनं त्या उंच म्हशीखाली, शिडीच्या टोकाला, आण्णांना पाहिलं.

आधी ती गंमतच होती. "आण्णा, शिडी कुठं ठेवलासा?" "आण्णा, वरनं जोतिबाचा डोंगर दिसतोय काय?" आण्णाही हसले म्हणे. पण तोवर चित्र सगळ्यांच्या स्टेटसला गेलं होतं आणि त्यासोबतची बातमी कुणी वाचत नव्हतं. एका मंडळानं महागाईविरोधात मोर्चा काढला, त्यांना डिजिटल बोर्डला चित्र हवंच होतं. चौकात पंधरा फुटी बोर्ड लागला. खाली नेत्यांचे हसरे फोटो आणि वर शिडीवरचे आण्णा. त्याच्यावर लिहिलेलं, 'गरिबाच्या तोंडचं दूध कुणी पळवलं?'

भाव आण्णांनी वाढवला नव्हता. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी मिळून वाढवला होता आणि पेंडीवाल्यानं त्यांना तो वाढवायला लावला होता. पण पेंड चित्रात नव्हती. चित्रात वर चढलेला माणूस एकच होता. पोरंसोरं घेऊन येणारी घरं शेजारच्या म्हशीकडं वळू लागली, त्याच भावानं दूध प्यायला.

संयोगिताला हे बोर्ड बघून कळलं. सिग्नलला गाडी थांबली, तिनं मान वर केली आणि शिडीवरचे आण्णा दिसले. तशीच ती ऑफिसात जाऊन विश्वजितसमोर उभी राहिली.

"खुलासा छापा. ते चित्र आण्णांचं न्हाय म्हणून."

विश्वजितनं कपाळ दाबलं. "ताई, आण्णांचं न्हाय असं छापलं की ज्याला ठाऊक न्हाय त्यालाबी ठाऊक होईल. नाव कसं घालायचं? आणि खाली लिवलंय की, एआय निर्मित."

"ते कोण वाचतंय?"

"मग खुलासा तरी कोण वाचणार हाय?"

वेबसाइटवरून मात्र त्यानं चित्र लगेच काढायला लावलं, तेवढा तो भला होता. पण ते आता वेबसाइटवर राहिलंच नव्हतं, ते गावभर झालं होतं. संयोगितानं मंडळाच्या अध्यक्षाला फोन केला. तो म्हणाला, "चित्र तुमचं व्हय? एक नंबर काढलायसा ताई." त्या दिवशी तिनं बसून दुसरं चित्र सांगितलं. पेंडीच्या पोत्यांचा मनोरा, त्याच्यावर म्हैस, आणि खाली टाचा उंचावून, हात लांबवूनही सडापर्यंत न पोचणारा माणूस. एकच गोष्ट होती, स्वच्छ होती, आणि पहिल्या चित्रापेक्षा खरी होती. विश्वजितनं ते बराच वेळ पाहिलं. "भारी हाय," तो म्हणाला. "पण दुधाची बातमी संपली की ताई. आज पाणीपट्टी हाय."

तिला रडू आलं नाही, नुसता संताप आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. यंत्रानं सांगितलेलंच काढलं होतं. विश्वजितचं म्हणणं खोटं नव्हतं. उरली ती स्वतः, आणि तिनं तर फक्त आपल्या माणसाचं वर्णन केलं होतं.

संध्याकाळी ती कट्ट्यावर गेली. मोना ओळखू आली, आण्णा ओळखू आले नाहीत. म्हशीखाली डोक्याला उपरणं गुंडाळलेला कुणीतरी म्हातारा बसला होता. त्यानं मान वर केली. ते आण्णाच होते. मिशा नव्हत्या. ओठावरची कातडी कधी ऊन न लागल्यासारखी पांढरी दिसत होती. फेटा नव्हता, बाळीही नव्हती. साळोख्यांच्या घरात कुणी गेल्याशिवाय पुरुष मिशी उतरवत नाहीत.

"आण्णा, हे काय केलंसा?"

"लोक वळखत्यात गं," आण्णा धार काढता काढता म्हणाले. "पोरं मागनं वरडत्यात. नातीला शाळंत चिडवायला लागली. म्हटलं, जाऊ दे."

"मी तुमचा फोटो दिला नव्हता आण्णा. आईशप्पथ. नुसतं शब्दांनी सांगितलं, धोतर असं, फेटा असा."

धार थांबली. आण्णांनी तिच्याकडं नीट पाहिलं. आवाजात राग असता तर तिला सोसला असता. "व्हय? फोटो बघितल्याबिगर एवढं सगळं सांगितलंस? चष्म्याचा दोरासुदिक?" ते जरा थांबले. "माझ्या लेकाला ईचारलं तर त्याला सांगता यायचं न्हाय."

तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या एकानं सायकल थांबवली आणि मिशी उतरवलेली बघून हळू आवाजात विचारलं, "आण्णा, कोण गेलं वो घरातलं?"

"कोण न्हाय," आण्णा म्हणाले. त्यांनी फेसानं काठोकाठ भरलेला पेला संयोगिताच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "ही आमची संयोगिता. पेपरात चित्रं काढती. तिनंच काढलं माझं."