नुसतीच मेहनती

औषधांच्या कारखान्यातले तपासणी विभागाचे साहेब शिफारसपत्रं वाचण्यात चांगलेच मुरलेले होते. ‘मेहनती’ म्हणजे दिलेलं काम घाम गाळून करणारी, ‘काटेकोर’ म्हणजे त्यात चूक राहू न देणारी, आणि ‘पुढाकार घेणारी’ म्हणजे कुणी सांगायच्या आधीच काम ओळखणारी. पत्रात नुसतं ‘मेहनती’ दिसलं की ते अर्ज बाजूला सारत.

हाताखालची मुलगी दुसरीकडे नोकरीला निघाली, तेव्हा त्यांनी तिच्या पत्रात नेमकं तेवढंच लिहिलं. साहेबांनी सही करून सोडलेल्या खोक्यांवरची चुकीची तारीख तिनेच, कुणी न सांगता, पकडली होती. ते त्यांना अजून सलत होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं मन!

दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. “साहेब, ‘मेहनती’ वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं हो.”

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आण ते पत्र,” ते चाचरत म्हणाले, “दोन शब्द लिहायचे राहिलेत.”

“मुदत परवापर्यंत होती, पण मी सकाळीच देऊन आले,” ती म्हणाली. मग टेबलावरच्या कागदाकडे तिची नजर गेली. “आणि साहेब, इथे तुमची सही राहिलीय.”