लांबून दिलेला खो

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मला लिहिता येत असणार, असं भाऊंना वाटलं. हायवेलगत त्यांचं पंक्चरचं दुकान आहे आणि संध्याकाळी ते कार्ल्याच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतात; मीही त्यांच्याकडेच शिकले. लहान मुलींचा संघ माझ्याकडे द्यायच्या आधी ते म्हणाले, "पानभर लिहून आण. संघात कुणाला घेशील, शिस्त कशी लावशील, चुकलं तर कसं सांगशील. पटलं तर शिट्टी तुझी."

मी 'सर्वांगीण विकास' असं लिहून सुरुवात केली. निवड गुणवत्तेवर. उशीर झाला तर पाच फेऱ्या. चूक तत्काळ निदर्शनास आणणे. भाऊंनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आज सराव तू घे."

एक मुलगी खो मिळायच्या आधीच उठत होती. फाऊल. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी खांबापासूनच ओरडले, "अगं, लक्ष कुठंय?" घाबरून ती पुढच्या वेळी आणखी लवकर उठली.

कडेनं भाऊ म्हणाले, "ए कॉलेज, लांबून खो देतात व्हय?"

मुली खो खो हसल्या. माझे कान तापले. तेवढ्यात पाठलाग करणारी मुलगी त्याच बसलेल्या मुलीच्या मागे आली, पाठीवर तळवा टेकवून मोठ्यानं "खो" म्हणाली, आणि बसलेली सुटली. मी कितीतरी वर्षं हा खेळ खेळले, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मागून कोण येतंय हे बसलेलीला दिसत नाही. फक्त पाठीवरच्या हातावर भरवसा ठेवून ती जीव तोडून पळते. मी बघतच राहिले.

पान पुन्हा लिहिलं. निवड कशावर होणार ते आधीच सांगेन. जिला वगळेन तिला कारण मीच सांगेन, शेजारी बसून. पळणं हा आमचा खेळ, म्हणून पळायची शिक्षा देणार नाही. निरोप न देता उशिरा येईल तिनं चुन्याच्या रेघा मारायच्या, मग ती मी का असेना. चूक एका वेळी एकच सांगेन, जवळ जाऊन.

भाऊंनी दोनदा वाचलं. "मुलींनाबी वाचून दाखव."

दाखवलं. मग बारा जणी निवडल्या. लवकर उठणारी त्यात नव्हती. मी तिच्याशेजारी बसले. "अजून खोच्या आधी उठतेस. तेवढंच कारण."

ती गवत उपटत राहिली. "राखीव पण न्हाई?"

"या वेळी नाही. पण सरावाला ये. तेवढ्यावरच काम करू."

ती उठून निघून गेली. आता ही येणार नाही, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून येताना माझी बस चुकली. पोचले तेव्हा ती मैदानाच्या तोंडाशी उभी होती, हातात चुन्याचं घमेलं.

"ताई, निरोप न्हाई दिला तुमी."

मी घमेलं घेतलं. ती माझ्यापुढे उलटी चालत रेघ सरळ येतेय का बघू लागली. "डावीकडं," ती म्हणाली, अगदी जवळून, एकदाच.