लांबी जास्त

सत्य कधी झुकत नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या कारखान्याचं फाटक म्हणत होतं. गुणवत्ता सप्ताहानिमित्त दोन खांबांच्या मध्ये नायलॉनच्या दोरीने निळा फ्लेक्स ताणून बांधला होता, आणि त्यावर या वाक्याशेजारी आमच्या साहेबांचा फोटो सत्याहून बराच मोठा छापला होता.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही गॅस टर्बाइनची जुनी पाती दुरुस्त करायचो. मी तपासणीच्या खोलीत. माझा शिक्का बसल्याशिवाय पातं बाहेर जात नसे, एवढाच काय तो माझा अधिकार.

त्या आठवड्यात एका कारखान्याच्या वीजगृहातून पहिल्या रांगेच्या पात्यांचा सेट आला होता. पहिली रांग म्हणजे जळत्या वायूच्या अगदी तोंडावर. पातं तिथे लालभडक तापतं आणि वर स्वतःच्या फिरण्यानेच बाहेरच्या बाजूला खेचलं जातं. थंड धातू ओढला आणि सोडला तर तो पुन्हा मूळ मापावर येतो. इतका तापलेला धातू येत नाही. ताण तोच राहतो, तरी तो महिनोन् महिने केसाएवढा केसाएवढा लांबत जातो. इंग्रजीत याला क्रीप म्हणतात. साहेबांनी सप्ताहासाठी मराठी तक्ते करायला लावले होते. त्यांत याला ‘विसर्पण’ असा शब्द होता.

“हे काय, पात्याला नागीण झाली का काय?” ग्राइंडिंगवाल्या मामांनी तक्ता वाचून विचारलं होतं. मामा निफाडकडचे. वय माझ्या थोरल्या काकांएवढं, हात माझ्या मायक्रोमीटरएवढा अचूक.

“नाही मामा. पातं हळूहळू पाय पसरतं.”

“मग तसं लिवा की.”

तसं लिहिलं असतं तर पुढचं टळलं असतं. मी आलेली पाती मोजली, बहुतेक मर्यादेपेक्षा लांब निघाली. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आणि कारणाच्या रकान्यात घाईने दोनच शब्द लिहिले: ‘लांबी जास्त’. मग मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस मनमाडला गेले.

परत आले तर सगळी पाती मापात.

“ताई, दिली बसवून,” मामा खुशीत म्हणाले. “लांबी लय झाली होती. टोकं घासून ड्रॉइंगात आणली. दोन दिवस बसलो हाय त्याच्यावर.”

चूक मामांची नव्हती. आमच्या शॉपमध्ये ‘लांबी जास्त’ याचा अर्थ एकच: घास. वेल्डिंगने वाढवलेली टोकं ते रोज घासत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीने सांगितलं ते केलं. पण लांबी हा रोग नव्हताच, रोगाची खूण होती. ती तेवढी सफाईने पुसली गेली होती.

साहेब मात्र प्रसन्न होते. “मॅडम, शनिवारी ग्राहकाचे इंजिनिअर येताहेत. आधी सगळ्यांची गुणवत्तेची शपथ, मग सेट सुपूर्द. शिक्के मारून टाका.”

“ही पाती गेलेली आहेत, साहेब.”

“लांबी ड्रॉइंगमध्ये बसते ना?”

“मढ्यालाही सदरा मापाचा शिवता येतो.”

“पुरावा काय?” ते म्हणाले. “तुमच्या जुन्या नोंदी? चुकीचं मोजलं असेल. आणि मारणार नसाल शिक्का, तर शिक्का दुसऱ्या कोणाला देता येतो.”

म्हणजे मुद्दा एवढाच उरला: शनिवारपर्यंत मला सिद्ध करता आलं नाही, तर ही पाती माझ्या नाहीतर दुसऱ्याच्या शिक्क्याने परत यंत्रात जाणार. आणि एक पातं तुटलं की त्याचे तुकडे मागच्या रांगाही सोलून काढतात.

टोक घासता येतं, पण भोकं घासता येत नाहीत. पात्याच्या मागच्या कडेला थंड हवा बाहेर पडायला भोकांची रांग असते. त्यातल्या पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर मी नमुन्याच्या नव्या पात्यावर मोजलं आणि मग आलेल्या पात्यांवर. सगळ्यांत वाईट पात्यात ते पाऊण मिलिमीटरने जास्त होतं. पातं मधोमध ताणलं गेलं होतं, टोकाशी त्याचा संबंधच नव्हता.

“मोजमापावर वाद होऊ शकतो,” साहेब म्हणाले. “कापून बघायची परवानगी मी देणार नाही. सेट अपुरा पडेल.”

आमच्याकडे नियम होता की ज्या पात्यावर लाल रंग लागला ते सेटमध्ये परत जात नाही. लाल रंगाचा डबा तपासणीच्या खोलीत असे. परवानगी कापायला लागत होती, रंगवायला नव्हती. मी सगळ्यांत वाईट पातं उचललं, मुळापासून टोकापर्यंत लाल केलं आणि मामांच्या टेबलावर ठेवलं.

“आता हे भंगार. भंगार कापायला कोणाची परवानगी लागते?”

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग पात्याकडे. “साहेब लय चिडंल.”

“चिठ्ठी माझी होती, मामा. नाव माझंच सांगा.”

“टोकं मी घासली ना?” म्हणत त्यांनी करवतीवर पाण्याची धार सोडली.

तुकडा आरशासारखा पॉलिश करून आम्लात बुडवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. धातूचे कण दिसले, आणि कणांमधल्या, ताणाला आडव्या असलेल्या सांध्यांवर काळ्या ठिपक्यांच्या माळा. ती पोकळ्यांची रांग होती. काही एकमेकींत मिसळून त्यांच्या भेगा झाल्या होत्या, आणि दोन भेगा थेट पृष्ठभागापर्यंत आल्या होत्या.

“चिक्कीगत हाय,” मामा डोळा लावून म्हणाले. “शेंगदाणा शाबूत, सांध्यात सुटलीय.”

शपथेआधी दहा मिनिटं मी तो तुकडा आणि फोटो ग्राहकांच्या इंजिनिअरपुढे ठेवले. साहेब मागे हार घेऊन उभे होते.

“पुन्हा उष्णता आणि दाब देऊन पोकळ्या मिटवता येतात ना?” इंजिनिअरनी विचारलं.

“आतल्या बंद असतील तर येतात. या बाहेर उघडल्या आहेत. आणि वरून नवा लेप दिला तर गंज थांबेल, ताणणं थांबणार नाही.” मग मी मला पडलेला प्रश्न विचारला. “मूळ पात्यांत कण उभे होते ना? मुळापासून टोकापर्यंत? ही साध्या ओतकामाची आहेत.”

त्यांनी तुकडा उलटून पाहिला. “मागच्या वेळी पाती बदलताना तीच लवकर मिळत होती. मिश्रधातू तोच आहे, निकेलचा.”

“मिश्रधातू तोच, पण सांधे आडवे.”

मामांना राहवलं नाही. “म्हंजे चिक्कीऐवजी उसाची मोळी पायजे. पण ताई, उसाला पेरं असत्यात.”

“म्हणून सगळ्यांत कडक कामाला अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. सांधाच नाही.”

इंजिनिअरनी सेट भंगारात काढायला सांगितलं आणि नवा सेट उभ्या कणांचाच मागवायचं लिहून घेतलं. साहेबांनी हार त्यांच्या गळ्यात घातला आणि माइकवर जाहीर केलं की हा दोष आमच्या व्यवस्थापनाच्या दक्षतेने वेळीच सापडला. आम्ही शपथ घेतली. मामांनी हात जरा जास्तच पुढे केला.

पुढच्या महिन्यात लाल रंगाचा डबा साहेबांच्या कपाटात गेला. मी पाचशे मिलीचा नवा विकत आणला. चिठ्ठ्यांवर मात्र आता ‘पाय पसरले, घासू नये’ असं लिहिते.

फ्लेक्स अजून फाटकावर आहे. नायलॉनला लालभडक व्हावं लागत नाही, ते नाशिकच्या हवेतच ताणत जातं. परवा मी पट्टी लावून पाहिली. सत्य तेवीस सेंटिमीटर खाली आलंय.