समस्याविधान, दुसऱ्यांदा

एम.फिल.ला नाव घातलं तेव्हा मला संशोधन करायचं नव्हतं. मला एका माणसाचं नाक खाली करायचं होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते आणि राहायला अंबरनाथला होते.

तो माणूस अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होता. माझे वडील तिथे कंत्राटावर होते, ड्रायिंगला. ओला रंग सुकवायचा, मग त्याची भुकटी पोत्यांत भरायची. घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या कधी पिवळ्या, कधी निळ्या. पुढे त्यांना जिनाही चढवेना. आई मदत मागायला या साहेबाकडे गेली, तर त्याने तिला उभं ठेवूनच सांगितलं की विड्या ओढणाऱ्यांचं असंच होतं. वडिलांनी आयुष्यात विडी ओढली नाही. ते गेले तेव्हा मी बी.ए.ला होते.

आता हाच माणूस आमच्या कॉलेजात कामगार कायद्यावर तास घ्यायला येत असे आणि संशोधन समितीवर उद्योगक्षेत्रातले तज्ज्ञ म्हणून बसत असे. मला तो ओळखत नव्हता. आईबरोबर त्याच्याकडे गेले होते तेव्हापासून मी त्याला चालण्यावरून ओळखत होते.

पहिला आराखडा मी एका दमात लिहिला. समस्याविधान म्हणून चार पानं झाली. त्यात कंत्राटी पद्धत होती, धूळ होती, मालकांचा निर्दयपणा होता, आणि शेवटी ‘कारखान्याच्या बेफिकिरीमुळे कामगारांचे बळी जात आहेत हे सिद्ध करणे’ असा हेतू ठोकून दिला होता. वडिलांचा उल्लेख तेवढा टाळला. समितीत त्याने ती पानं अंगठ्याने चाळली, हसला आणि म्हणाला, “बाई, तुम्हाला उत्तर आधीच मिळालंय. मग अभ्यास कशाचा करणार?” वर हेही सांगितलं की कारखान्यात दरवर्षी डॉक्टर येतो, सगळ्या कामगारांची छाती तपासतो, एकालाही दम्याचा त्रास नाही. आराखडा परत आला. पुढच्या बैठकीत मंजूर झाला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

मी घरी येऊन ताट भिंतीवर फेकलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक बाई बदलापूरला राहायच्या. बोलायला कडक, चहाला सढळ. माझ्या रागाचं कारण त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. त्यांनी ती चार पानं घेतली आणि कात्रीने एकेक वाक्य वेगळं कापलं. प्रत्येक चिठ्ठी उचलून मला तेच विचारायच्या: हे आधीपासून माहीत आहे, की कुणालाच माहीत नाही, की तू करणार आहेस? माहीत असलेलं डावीकडे, म्हणजे पार्श्वभूमी. माहीत नसलेलं मध्ये, म्हणजे उणीव. करणार ते उजवीकडे, म्हणजे हेतू. जे कशातच बसत नव्हतं ते बाई आपल्या बसायच्या पाटाखाली सरकवत होत्या. चहा संपेपर्यंत डावीकडे बऱ्यापैकी ढीग झाला, उजवीकडे एकच चिठ्ठी, मध्ये काही नाही, आणि पाटाखाली माझा सगळा संताप.

मी घाईघाईने मधल्या जागेसाठी एक वाक्य सांगितलं: या विषयावर अंबरनाथमध्ये अजून अभ्यास झालेला नाही. बाई म्हणाल्या की अंबरनाथमध्ये मांजरांच्या मिशांवरही अभ्यास झालेला नाही. नुसतं कुणी केलं नाही म्हणून ती उणीव होत नाही. काय कळत नाहीये आणि ते न कळल्यामुळे कुठला प्रश्न अडून राहिलाय, ते सांगता आलं पाहिजे. मग म्हणाल्या, त्या ऑफिसरने जे सांगितलं ते खरं धर आणि डावीकडे ठेव. मला त्यांचा भयंकर राग आला. त्याचं खोटं मी माझ्या हाताने लिहायचं?

पण त्याच वाक्याशी भांडता भांडता मला घरचे ते दिवस आठवले. वर्षातून एकदा वडील सकाळी घरी असायचे. आम्हा भावंडांना सणच. ते आम्हाला शिवमंदिराकडे फिरायला न्यायचे, परत येताना भजी. सुट्टी कसली, असं विचारलं की सांगायचे, आज कारखान्यात डॉक्टर येणार, म्हणून मुकादमाने येऊ नका म्हटलंय. इतकी वर्षं मला ही गमतीची आठवण वाटत होती. मी ताबडतोब वडिलांबरोबर काम केलेल्या चार-पाच जणांच्या घरी जाऊन आले. सगळ्यांनी तेच सांगितलं. बारवीकडच्या एका पाड्यावरचा म्हातारा तर हसायलाच लागला. “आमाला कोन तपासतंय? त्या दिशी आमी भाताच्या शेतात.”

नवं समस्याविधान एका पानाचं झालं. पार्श्वभूमी: रंगाची भुकटी हाताळणाऱ्यांना श्वासाचे विकार होऊ शकतात. या कारखान्यात दरवर्षी आरोग्य तपासणी होते आणि व्यवस्थापनाच्या सांगण्यानुसार तीत असे विकार आढळलेले नाहीत. उणीव: प्राथमिक भेटींवरून असं दिसतं की भुकटीचं बहुतेक काम कंत्राटी कामगार करतात आणि ते या तपासणीत नसतात. त्यामुळे सर्वाधिक धुळीत असणाऱ्यांच्या प्रकृतीबद्दल काहीच माहीत नाही आणि तपासणीच्या निष्कर्षावरून ती कळूही शकत नाही. हेतू: कंत्राटी आणि कायम कामगारांच्या श्वासाच्या तक्रारी आणि आजारपणातले खाडे यांची तुलना करणे. रागाचं एकही विशेषण नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या सिंधी टायपिस्टने कागद हातात देताना विचारलं, “मॅडम, बस इतनाही?”

दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांनी ते पान मोठ्याने वाचलं. तपासणीचं वाक्य आलं तेव्हा त्याने मान डोलावली, ते त्याचंच होतं. पुढचं वाक्य आलं आणि मान थांबली. अध्यक्षांनी त्याला साधेपणाने विचारलं की कंत्राटी कामगार तपासणीत असतात का, असतील तर तसे अहवाल मागवता येतील, मग या अभ्यासाची गरज राहणार नाही. त्याने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, ती कंत्राटदाराची माणसं आहेत. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, “म्हणजे तपासणी होत नाही?”

“नाही.”

क्लार्कने ते इतिवृत्तात लिहून घेतलं. एवढा गोड शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. आराखडा मंजूर झाला.

सभा संपल्यावर सदस्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. त्याची शेवटी घेतली. सही करून त्याने कागद माझ्याकडे सरकवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचं कुणी होतं का आमच्याकडे. मी कागद आधी फाईलमध्ये घातला.

“वडील. ड्रायिंगला होते. आता नाहीत.” त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. त्याला आठवलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही.

“मग हे आधी का सांगितलं नाहीत?” तो म्हणाला.

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही ते पान मन लावून ऐकलं नसतं, सर.”

तो उठला आणि निघून गेला. तो सोमवार होता. त्याच आठवड्यात, रविवारी, मी प्रश्नावली घेऊन पाड्यावर गेले.